पाठवले आणि मिळाले यांच्यामधले सहाशे चाळीस रुपये

नोट हातात ठेवली की देणं आणि मिळणं एकाच क्षणी होतं. म्हणून 'दिले' आणि 'मिळाले' ही दोन वेगळी वाक्यं आहेत हे आपल्याला एरवी जाणवत नाही. यूपीआयमध्ये ती दोन वेगळ्या बँकांच्या दोन वेगळ्या वह्यांत लिहिली जातात. दोन्ही नोंदींमध्ये सहसा काही सेकंदांचंच अंतर असतं, त्यामुळे आपल्याला ते एकच वाक्य वाटत राहतं. पण कधीतरी ते अंतर ताणलं जातं आणि एक दिवस मध्ये येतो. आमच्या घरात असा एक दिवस आला, आणि त्या दिवसभर एका मुलाचा शब्द टांगणीला लागला.

मी नागपुरात एका सहकारी बँकेत नोकरी करते. माझं टेबल रिकन्सिलिएशनचं, म्हणजे ताळमेळाचं. आमच्या बँकेने काय लिहिलं आणि एनपीसीआयकडून आलेल्या फाइलीत काय लिहिलंय, हे ओळीला ओळ लावून बघायचं आणि न जुळलेल्या ओळी बाजूला काढायच्या. घरच्यांना हे काम समजावून सांगायचा मी कधी प्रयत्न केला नाही. 'बँकेत आहे' एवढ्यावर भागतं. १६ फेब्रुवारी २०२५च्या रात्री मात्र समजावून सांगावं लागलं.

तो रविवार होता. पुण्याहून एक भाऊ आला होता, म्हणून आम्ही सगळी मावस-चुलत मंडळी इतवारीतल्या एका सावजी भोजनालयात जमलो. आठ जण. मटण, ज्यांना चालत नाही त्यांना पाटोडी रस्सा, भाकऱ्या, आणि नाकातून पाणी येईपर्यंत जेवण. बिल झालं ५,१२० रुपये. मोठ्या ताईने ते भरलं आणि तिथेच ॲपमध्ये स्प्लिट टाकलं. माणशी ६४०. तिचे स्वतःचे सोडून सात जणांना रिक्वेस्ट गेल्या.

घरी पोचेपर्यंत सहा जणांचे आले. ताईच्या स्क्रीनवर सहा नावांसमोर खूण होती आणि धाकट्या मावसभावाच्या नावासमोर काही नव्हतं. तिने ग्रुपवर आपलं सहज लिहिलं, "एकाचे बाकी हायेत रे." दोन मिनिटांत धाकट्याचा स्क्रीनशॉट आला. हिरवी खूण, ६४० रुपये, रात्री १०:४२.

"मले तर काहीच नाही दिसून राहिलं," ताईने लिहिलं.

"मी पाठवले ताई. बघ नं वर."

यानंतर ग्रुप गप्प झाला. हा धाकटा म्हणजे घरात 'देतो नं उद्या' म्हणून प्रसिद्ध असलेला मुलगा. चार महिन्यांपासून नोकरी नव्हती. दोघा-तिघांकडून हातउसने घेतलेले होते, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या कोणाचे पैसे दिसले नसते तर 'सर्व्हर डाउन असेल' म्हणून सोडून दिलं असतं. त्याचे दिसले नाहीत, तर भाऊजींनी विचारलं, "स्क्रीनशॉट काय, आजकाल कोणीबी बनवते." खाली एक हसणारा चेहरा टाकला होता, पण वाचणाऱ्याला काय कळायचं ते कळलं.

रात्री साडेअकराला धाकट्याचा मला फोन आला. "अजून एकदा पाठवून देऊ का? खतम करून टाकतो. पण माझ्या खात्यात आता सातशे उरले हायेत."

"अजिबात पाठवू नको," मी म्हटलं. "आधी त्या स्क्रीनशॉटवरचा बारा आकडी नंबर मला पाठव."

*

स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो हे भाऊजींचं म्हणणं खरंच आहे. पण खरा स्क्रीनशॉटही फक्त एका बाजूची साक्ष देतो. तो पाठवणाऱ्याच्या ॲपने काढलेला असतो, घेणाऱ्याच्या बँकेने त्यावर सही केलेली नसते. कामाची गोष्ट त्या चित्रावर एका कोपऱ्यात असते. कुठे तिला UTR म्हणतात, कुठे UPI transaction ID, कुठे नुसतंच रेफरन्स नंबर. बारा आकडे. हा नंबर पाठवणाऱ्याच्या बँकेत, एनपीसीआयमध्ये आणि घेणाऱ्याच्या बँकेत एकच असतो. तीन वह्यांमधून ओवलेला हा एकच दोरा. ॲपचा स्वतःचा आणखी एक लांबलचक, अक्षरं-आकडे मिसळलेला नंबर असतो, तो बँकेत दाखवून काही उपयोग होत नाही.

नंबर हातात आल्यावर मी तीन गोष्टी तपासायला घेतल्या. 'माझ्याकडून गेले, तुझ्याकडे आले नाहीत' या भांडणात उत्तर बहुतेक वेळा या तिघांपैकी एकात सापडतं.

पहिली गोष्ट, रिक्वेस्ट आणि पैसे यांचा संबंध. स्प्लिटची यादी ही ॲपची स्वतःची वही असते, बँकेची नव्हे. समजा तुम्हाला एका ॲपवर रिक्वेस्ट आली, पण तुम्ही सवयीने दुसरं ॲप उघडून ताईच्या नंबरवर पैसे टाकले. पैसे व्यवस्थित पोचतात. पण पहिल्या ॲपला ते या रिक्वेस्टचेच पैसे आहेत हे कळायला मार्ग नसतो, म्हणून यादीत तुमचं नाव बाकीच राहतं. इथे तसं नव्हतं. धाकट्याने रिक्वेस्ट उघडून तिथूनच पैसे दिले होते.

दुसरी गोष्ट, खातं. एका मोबाइल नंबरला दोन-तीन ॲप आणि दोन-तीन बँकखाती जोडलेली असणं आता नेहमीचं झालंय. नंबरवर आलेले पैसे यातल्या कुठल्या खात्यात पडतील, हे घेणाऱ्याने कधीतरी निवडून ठेवलेल्या सेटिंगवर ठरतं, आणि ते सेटिंग दोन वर्षांपूर्वी केलेलं असतं. माणूस पगाराचं खातं बघत बसतो आणि पैसे कॉलेजच्या काळातल्या खात्यात जाऊन पडलेले असतात. म्हणून मी ताईला दोन्ही खात्यांचं स्टेटमेंट उघडायला लावलं. ॲपची हिस्टरी नको, एसएमएसही नको, बँकेचं स्टेटमेंट. लहान रकमांचे एसएमएस सगळ्या बँका पाठवतातच असं नाही, त्यामुळे एसएमएस न येणं हा पुरावा होत नाही. दोन्ही स्टेटमेंटमध्ये तो नंबर नव्हता.

तिकडे धाकट्याच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मात्र तो होता. १६ फेब्रुवारी, ६४० रुपये वजा, तेच बारा आकडे. म्हणजे पैसे त्याच्याकडून निघाले होते, यात शंका उरली नाही. आता उरली तिसरी शक्यता, आणि ती माझ्या टेबलावरची होती.

*

त्यासाठी पैशाची वाट बघावी लागते. धाकट्याने पिन टाकला. त्याच्या ॲपने तो निरोप एनपीसीआयच्या यंत्रणेकडे दिला. तिने त्याच्या बँकेला विचारलं, ६४० काढ. बँकेने काढले आणि 'काढले' म्हणून उत्तर दिलं. मग त्याच यंत्रणेने ताईच्या बँकेला सांगितलं, या खात्यात ६४० जमा कर. इथे ताईच्या बँकेने तीनपैकी एक गोष्ट करायची असते. 'केले' म्हणायचं, 'करता येत नाहीत' म्हणायचं, किंवा काहीच म्हणायचं नाही.

'केले' म्हटलं तर गोष्ट संपली. 'येत नाहीत' म्हटलं, उदाहरणार्थ खातं बंद आहे, तर पैसे लगेच उलटे फिरतात. घोळ होतो तो तिसऱ्या वेळी. ठरलेल्या सेकंदांत उत्तरच आलं नाही. ताईचं खातं एका लहान सहकारी बँकेत आहे. अशा पुष्कळ बँका या यंत्रणेला थेट जोडलेल्या नसतात, एका मोठ्या बँकेच्या मार्फत जोडलेल्या असतात. म्हणजे निरोपाच्या वाटेत एक थांबा जास्त. शिवाय रात्री बँकांच्या मुख्य संगणकांवर दिवस बंद करायची कामं चाललेली असतात. उत्तर उशिरा येतं, किंवा वाटेत हरवतं.

मौन आलं तर काय समजायचं? पैसे जमा झाले नाहीत असं धरून धाकट्याला ते परत दिले आणि प्रत्यक्षात ताईच्या बँकेने जमा केलेले असले, तर तेच पैसे दोघांकडे होतील. म्हणून नियम असा केलाय की मौन म्हणजे होकार मानायचा. या व्यवहाराला यंत्रणेत 'डीम्ड' म्हणतात, म्हणजे झालाय असं गृहीत धरलेला. पाठवणाऱ्याची काही ॲप अशा वेळी 'प्रक्रियेत आहे' असं दाखवतात. काही हिरवी खूण दाखवून टाकतात आणि घेणाऱ्याच्या बँकेला वेळ लागू शकतो, असं खाली बारीक अक्षरांत लिहितात. धाकट्याच्या स्क्रीनवर हिरवी खूण होती. बारीक अक्षरं स्क्रीनशॉटमध्ये कापली गेली होती.

आता यातला खरा चमत्कारिक भाग. डीम्ड व्यवहारात बँकांचा आपापसातला हिशोब पूर्ण होतो. पुढच्या सेटलमेंटच्या फेरीत धाकट्याच्या बँकेकडून ६४० रुपये वजा होतात आणि ताईच्या बँकेला मिळतात. म्हणजे ते पैसे हवेत लटकलेले नसतात. ते ताईच्या बँकेत असतात, फक्त ताईच्या खात्यात नसतात. धाकटा 'दिले' म्हणतो ते खरं. ताई 'नाही मिळाले' म्हणते तेही खरं. खोटं कोणीच बोलत नाही, तरी भांडण होतं.

मग दुसऱ्या दिवशी ताईच्या बँकेत माझ्यासारखंच कोणीतरी टेबलावर बसतं. एनपीसीआयच्या फाइलीत ६४०ची ओळ आहे आणि आपल्या खात्यांत तिची जोडीदार नाही, हे त्याला दिसतं. त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. ग्राहकाच्या खात्यात पैसे जमा करून तसं कळवायचं, त्याला आम्ही टीसीसी म्हणतो. किंवा जमा करणं शक्य नसेल तर पैसे पाठवणाऱ्याच्या बँकेकडे परत करायचे, त्याला आरईटी. दोन्हीपैकी एक होईपर्यंत ती ओळ उघडी राहते.

हे सगळं मी रात्री पावणेबाराला फोनवर ताईला सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे माझ्याच बँकेत अटकले हायेत?"

"बहुतेक. उद्या संध्याकाळपर्यंत थांब."

"मी थांबते गं. पण ह्यांनी ग्रुपवर लिहिलं ते त्याले लागलं असन."

*

सोमवारी, १७ फेब्रुवारीला, दुपारी चार वाजून गेल्यावर ताईच्या खात्यात ६४० रुपये आले. ताईने ग्रुपवर 'आले बाप्पा एकदाचे' असं लिहिलं आणि मला वाटलं विषय मिटला. पण भाऊजींनी लिहिलं, "पाहा, बोललं की लगेच येतात."

म्हणजे पैसे येऊनही आरोप गेला नाही, उलट त्याला तारीख मिळाली. ताईच्या स्टेटमेंटवर सोमवार होता. तेवढंच बघितलं तर असंच वाटेल की मुलाने रविवारी खोटा स्क्रीनशॉट टाकला, शिव्या पडल्यावर कुठून तरी जमवून सोमवारी पैसे दिले. धाकट्याने काहीच उत्तर दिलं नाही. तो ग्रुपमधून बाहेर पडला.

इथे त्या बारा आकड्यांनी काम केलं. ताईच्या खात्यात सोमवारी जमा झालेल्या नोंदीतला नंबर आणि धाकट्याच्या खात्यातून रविवारी वजा झालेल्या नोंदीतला नंबर एकच होता. सोमवारी त्याने नवे पैसे पाठवले असते तर नंबर नवा पडला असता. एवढा पुरावा पुरेसा आहे. पण भाऊजींसाठी मी आणखी एक गोष्ट दाखवली, जी टेबलावर बसणाऱ्यांना डोळ्यांनीच दिसते. तो नंबर ५०४७ ने सुरू होत होता. माझ्यासमोर येणाऱ्या यूपीआयच्या बहुसंख्य नंबरांत पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो, आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ५ म्हणजे २०२५. ०४७ म्हणजे सत्तेचाळिसावा दिवस. जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचे १६. रविवार. सगळीच ॲप हा साचा पाळतात असं नाही, म्हणून एकट्या त्यावर कोणाला खोटं किंवा खरं ठरवू नये. दोन स्टेटमेंटमधले नंबर जुळवणं हाच पक्का मार्ग. पण सोमवारी आलेल्या पैशांच्या अंगावर रविवारची तारीख लिहिलेली बघून भाऊजी जरा वेळ गप्प बसले, आणि मग त्यांनी धाकट्याला फोन लावला. ते काय बोलले मला माहीत नाही. रात्री तो ग्रुपमध्ये परत आला होता.

*

'उद्या संध्याकाळपर्यंत थांब' हे मी अंदाजाने सांगितलं नव्हतं. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९चं एक परिपत्रक आहे. यूपीआयने एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण समोर जमा करता आले नाहीत, तर घेणाऱ्याच्या बँकेने ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत केले पाहिजेत. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, रविवार वगळायचा नाही. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची, आणि ती तक्रारीची वाट न बघता द्यायची. दुकानदाराला क्यूआरवर दिलेल्या पैशांची मुदत वेगळी आहे, तिथे पाच दिवस. म्हणून 'माझ्या मित्राला तर आठवडा लागला' हे ऐकून गोंधळू नका, त्याने बहुधा दुकानात पैसे दिलेले असतात.

दुसरा दिवसही गेला आणि पैसे ना तिकडे पोचले ना परत आले, तर पाठवणाऱ्याने आपल्या ॲपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार टाकायची. घेणाऱ्याने तोच बारा आकडी नंबर घेऊन आपल्या बँकेत विचारायचं. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. पण आधी ती एक रात्र आणि एक दिवस थांबायचं, आणि तेवढ्यात पुन्हा पैसे पाठवायचे नाहीत. दुसऱ्यांदा पाठवलेले लगेच पोचतात, पहिले दुसऱ्या दिवशी पोचतात, आणि मग जास्तीचे ६४० परत मागायची पाळी त्याच्यावर येते ज्याच्यावर आधीच कोणाचा विश्वास नसतो.

थांबण्याला आणखी एक कारण आहे, ते मला नंतर कळलं. त्याच वर्षी १२ एप्रिलला, शनिवारी, देशभर यूपीआय कित्येक तास अडखळत होतं. एनपीसीआयने तपासलं तेव्हा कारण निघालं की काही बँकांकडून 'या व्यवहाराचं काय झालं?' अशी विचारणा करणारे निरोप प्रचंड संख्येने येत होते, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. पैसे पोचले का, हे विचारण्यानेच पैसे पोचायची वाट तुंबली. त्यानंतर नियम घट्ट झाले. १६ जूनपासून पैसे पाठवण्याच्या निरोपाला उत्तर द्यायची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आली. १ ऑगस्टपासून एका ॲपमधून दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघता येते. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाकडे यूपीआयवर कलेक्ट रिक्वेस्ट पाठवणं बंद झालं. 'पैसे मिळतील' असं भासवून लोकांकडून पिन टाकून घेणारे भामटे तिचा वापर करत होते. म्हणजे आता स्प्लिटची रिक्वेस्ट ही पूर्वीपेक्षाही उघडपणे नुसती आठवण आहे. पैसे पाठवायचं काम माणसाने वेगळं करायचं, आणि ते पोचले की नाही हे बँकेच्या वहीत बघायचं.

माझ्या टेबलावर सोमवारी सगळ्यात जास्त उघड्या ओळी असतात. शनिवार-रविवारची जेवणं, ट्रिपा, सिनेमे. कुठे १८०, कुठे ३२५, कुठे १,१५०. पूर्वी मी त्या रकमेच्या क्रमाने सोडवायची, मोठी आधी. १,१५० अडकलेल्या माणसाला जास्त त्रास, असं साधं गणित होतं. आता आलेल्या क्रमाने सोडवते. ३२५च्या ओळीपलीकडे कोण बसलंय, आणि त्याच्या ग्रुपवर या क्षणी कोणी काय लिहिलंय, ते फाइलीत दिसत नाही.